फोटोतल्या हत्तीचं वय आणि तब्येत

गावोगाव फिरवल्या जाणाऱ्या हत्तीचा फोटो येतो, पण तो तरणा की म्हातारा, ते कळत नाही.

१. आधी कानाची वरची कड बघा. आशियाई हत्तीत ती साधारण १० वर्षांपर्यंत सरळ असते, विशीत इंचभर दुमडते, पुढे दुमड वाढते आणि खालची कड फाटकी होत जाते.

२. तब्येतीसाठी बाजूने आणि मागून काढलेला फोटो मागवा. बरगड्या, पाठीचा कणा, कमरेचं हाड बघा.

समजा, परभणीच्या मिरवणुकीतल्या हत्तीचा कान इंचभरच दुमडलाय, पण कमरेचं हाड वर आलंय, त्यापुढे खड्डा आहे. मग तो म्हातारा नाही, उपाशी किंवा आजारी असावा.

कानशिलाचा खड्डा मात्र म्हातारपणीही पडतो, त्या एकट्यावरून ठरवू नका.