पेशीची आकृती वाचायला बसताय? रेघेचं टोक कुठे टेकतंय ते बघा

नववीच्या परीक्षेत वनस्पती पेशीची आकृती आली होती, रेघांना १ ते ८ आकडे दिलेले, नावं आपण लिहायची. ३ नंबरची रेघ मधल्या मोठ्या मोकळ्या जागेवरून जात होती म्हणून मी बिनधास्त रिक्तिका लिहिलं, पण ती रेघ तशीच पुढे जाऊन कोपऱ्यातल्या केंद्रकात संपत होती. मग खरी रिक्तिका जिथे होती तिथे दुसरंच काहीतरी लिहावं लागलं, म्हणजे एका चुकीत दोन मार्क गेले. आता भाचीला शिकवताना हेच पहिलं सांगते.

पेन्सिल घ्या, टोक करून घ्या, एवढं पुरे. प्रत्येक रेघेवरून पेन्सिल फिरवत शेवटपर्यंत जा. रेघ कशावरून जाते त्याला काही अर्थ नाही, ती संपते कुठे तेवढंच धरा.

आधी पेशी कोणाची ते ठरवा, आणि त्यासाठी हिरवं काही दिसतंय का हे शोधू नका. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशीत हरितलवक नसतं, मुळाच्या पेशीतही नसतं, तरी त्या वनस्पतीच्याच. बघायची ती बाहेरची कड. पेशीभित्तिका असेल तर जाड कड आणि तिला आतून चिकटलेली बारीक रेषा म्हणजे प्रद्रव्यपटल, अशा दोन दिसतात. प्राणी पेशीत एकच बारीक रेषा. आणि इथेच परत टोक! भित्तिका आणि पटल यांच्या रेघा शेजारी शेजारी असतात, एक जाड कडेवर थांबते, दुसरी ती कड ओलांडून आतल्या रेषेवर. घाईत हमखास अदलाबदल होते.

मग मधली जागा. तयार वनस्पती पेशीत एकच रिक्तिका इतकी फुगलेली असते की केंद्रक कडेला सरकतं, त्यामुळे "मधे आहे म्हणजे केंद्रक" हे डोक्यातून काढा. केंद्रकाला दुहेरी आवरण असतं आणि आत बहुधा एक गडद ठिपका, केंद्रकी. रिक्तिका आतून कोरी. माझ्या त्या आकृतीत हा ठिपका दिसत होता, रेघेचं टोक त्याच्या शेजारी होतं, मी तिथपर्यंत गेलेच नाही.

लंबगोल दोन दिसले तर आतलं बघा: नाण्यांच्या चवडी असतील तर हरितलवक, आत वळलेल्या घड्या असतील तर तंतुकणिका. तंतुकणिका दोन्हीकडे असते, तिच्यावरून पेशी ओळखता येत नाही. केंद्रकाच्या आवरणाला जोडलेलं जाळं ती आंतर्द्रव्यजालिका, सुटी चवड आणि बाजूला छोट्या पिशव्या ते गॉल्गी पिंड. केंद्रकाजवळ तारककाय दाखवलं असेल तर पुस्तकातल्या आकृतीत ती प्राणी पेशी. बारीक ठिपके रायबोसोम.

सगळी नावं लिहून झाली की पेन्सिल परत फिरवा, टोकापर्यंत, आठही रेघांवरून.