डिपरवर पंचेचाळीस मीटर

पिवळ्या पाटीच्या गाडीवर नव्याने बसणारं पोरगं माझ्याकडे आलं, की मी त्याला आधी एक हिशेब घालतो. मला तो उशिरा कळला, तोही निपाणी-चिकोडी रस्त्यावर.

डिसेंबरची रात्र, उसाचा हंगाम. समोरून ट्रक येत होता म्हणून मी डिपरवर, काटा सत्तरच्या आसपास. ट्रक बाजूने गेला आणि पुढ्यात उसाची ट्रॉली उभी. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. ब्रेक कचकन दाबला, पण गाडी काही वेळेत थांबत नाही हे दिसलंच. उजवी बाजू मोकळी झाली होती म्हणून वाचलो. डाव्या आरशाला उसाचं वाडं घासून गेलं.

दुसऱ्या दिवशी मी ब्रेकला शिव्या घालत बसलो होतो. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते अण्णा म्हणाले, "ब्रेकला कशाला दोष देऊलास? ब्रेकवर पाय कधी पडला ते सांग की."

मग मोजूनच बघितलं. मोकळ्या मैदानात चुन्याची रेघ मारली, ताशी ४० वर गाडी आणली आणि रेघेवर ब्रेक दाबला. कोरड्या जमिनीवर टेपने भरले नऊ मीटर. यावरून एक सोपं सूत्र निघतं: ताशी वेगाचा वर्ग करा, १८० ने भागा, ब्रेक लागल्यानंतरचे मीटर मिळतात. वेग ४० असेल तर १६०० भागिले १८०, म्हणजे जवळजवळ नऊ. तुमच्या गाडीचा आकडा टायर आणि रस्त्याप्रमाणे थोडा इकडेतिकडे होईल, म्हणून एकदा स्वतः मोजा. वेग दुप्पट झाला की हे अंतर चौपट होतं: ८० ला साधारण ३६ मीटर.

पण अण्णांचा प्रश्न त्याच्या आधीच्या वेळेचा होता. दिसणं, ते ट्रॉली आहे हे कळणं, पाय ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर येणं. वरून सोडलेली पट्टी बोटांत पकडायचा खेळ केलात तर ती वीसेक सेंटिमीटरवर हाती येते, म्हणजे ०.२ सेकंद. त्यावर खूश होऊ नका. तिथे तुम्ही टपून बसलेले असता आणि बोटं आधीच पट्टीशी असतात. रात्री बेसावध असताना दीड सेकंद धरा. रस्त्यांची आखणी करणारे इंजिनिअर तर आपल्याकडे अडीच सेकंद धरतात. दीड सेकंदात ताशी ६० ची गाडी २५ मीटर पुढे जाते, ब्रेकला हातपाय न लावता.

आता दोन्ही मिळवा. वेग ६०: २५ अधिक २०, पंचेचाळीस मीटर. वेग ८०: ३३ अधिक ३६, एकोणसत्तर. वेळ मात्र फार वाढत नाही, ३.९ सेकंदांचे ४.७ होतात. म्हणूनच स्टिअरिंगवर बसलेल्याला फरक जाणवत नाही.

मला खरा धक्का पुढच्या हिशेबाने बसला. दोन गाड्यांना ट्रॉली एकाच क्षणी दिसली. ६० ची गाडी पंचेचाळिसाव्या मीटरला थांबली. त्याच जागी ७० ची गाडी किती वेगात असेल? मी म्हणालो, दहाने. चूक! तिचे २९ मीटर पाय पोचण्यातच गेले, ब्रेकला उरले सोळा, आणि ती त्या जागी ताशी ४५ ने धडकते. ८० वाली ६५ ने. बहुतेक वेग शेवटच्या काही मीटरांत उतरतो आणि नेमके तेच मीटर आपल्याकडे नसतात.

पंचेचाळीस हा आकडा मी उगाच घेतला नाही. एका ओळखीच्या शेतकऱ्याची ट्रॉली रात्री गावच्या वाटेवर उभी करून डिपरवर हळूहळू पुढे गेलो. ती ओळखू आली तिथून पावलं मोजली, तर पंचेचाळीस मीटर भरले. तेही ती तिथे आहे हे माहीत असताना. म्हणजे त्या रात्री सत्तरला मला ब्रेकने वाचणं शक्यच नव्हतं.

खानापूरकडच्या पावसात १८० च्या जागी १०० ने भागा. ६० ला ब्रेकचे छत्तीस आणि आधीचे पंचवीस, एकूण एकसष्ट. ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेल्या लाल चिखलावर हेही सूत्र चालत नाही. एबीएस असलं तर चाकं जाम न होता गाडी वळवता येते, पण घसरड्यावर ती पकड आणून देत नाही. तवंदी घाट उतरताना वास आला किंवा पेडल मऊ लागलं तर ब्रेक तापलेत असं समजा. तिथे खालच्या गिअरवर उतरायचं.

पंचेचाळीस मीटर आणि ओला रस्ता, तर वेग पन्नासच्याही आत येतो. मागे बसलेलं गिऱ्हाईक विचारतं, "काय हो, गाडी ढकलत नेऊलास काय?" मी म्हणतो, "होय साहेब, ट्रक जाऊ दे, मग सोडतो."