जाहिरातीत आरती वापरताय? शब्द जुने, रेकॉर्डिंग नवं

‘सुखकर्ता दुःखहर्ता’ शतकांपूर्वीची, म्हणजे फुकट, असं समजून अनेक जण गणपतीच्या ऑफरच्या रीलवर एखादं प्रसिद्ध रेकॉर्डिंग लावतात. शब्दांवर कुणाचा हक्क नाही, हे खरं. पण रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं टिकतो आणि तो बहुधा म्युझिक कंपनीकडे असतो. ‘दहाच सेकंद वापरलं’ ही सबब चालत नाही. धार्मिक विधीत गाणी वाजवायला कायद्यात सूट आहे, जाहिरातीला नाही.

सोपा मार्ग म्हणजे आरती स्वतः गाऊन घ्या. चाल मात्र पारंपरिकच हवी. एखाद्या संगीतकाराने बांधलेली असेल तर त्याचीही परवानगी लागेल. गायक-वादकांकडून हक्क लेखी घ्या आणि त्यात मुदत व प्रदेश स्पष्ट लिहा. मुदत लिहिली नाही, तर कायदा ती 5 वर्षं धरतो आणि प्रदेश फक्त भारत.

गायकाला ‘अमक्यासारखं गा’ असंही सांगू नका. अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या नकलेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये मनाई केली होती. तिथे नक्कल एआयने केली होती, पण माणसाने केलेली नक्कलही वादात सापडू शकते.