बदलत्या तासांचा पगार असा तपासला

जोहान्सबर्गमध्ये आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनी दुसऱ्या घरचा मे 2025 चा हिशेब दाखवला. हाती 2050 रँड, त्यात 150 बसभाडं. तेव्हाचा किमान दर तासाला 28.79 रँड. भाडं त्यात धरता येत नाही, म्हणून मजुरी 1900.

सोमवार-बुधवार मिळून आठ दिवस सहा तास, पाच शनिवार तीन-तीन तास: एकूण 63 तास, म्हणजे 1813.77. वरवर ठीकच. पण तिथल्या कायद्यानं चार तासांपेक्षा कमी काम झालं तरी त्या दिवसाचे चार तास द्यावेच लागतात. नेमकं हेच महिन्याच्या बेरजेत दडतं. शनिवारचे 15 नव्हे, 20 तास धरले. 68 तासांचे 1957.72 झाले. तारीखवार कागद दाखवल्यावर त्यांना उरलेले 57.72 रँड मिळाले.