अंधाऱ्या घरासाठी ग्रो लाइट: किती वॅट, किती उंचीवर, किती तास

घरात उजेड किती आहे हे डोळ्यांनी ठरवू नका. बाहुल्या कमी उजेडात मोठ्या होतात आणि खोली होती त्यापेक्षा बरीच उजळ वाटते. झाडाला मात्र ही सोय नाही. म्हणून दिवा घेण्याआधी उजेड मोजा. फोनवर उजेड लक्स या एककात दाखवणारे एखादे मोफत अ‍ॅप घ्या, दुपारी कुंडीच्या जागी पानांच्या उंचीवर फोन धरा आणि आकडा बघा. अँड्रॉइड फोनमध्ये उजेड ओळखणारा सेन्सर सहसा पुढच्या कॅमेऱ्याजवळ असतो, त्यामुळे फोनचा पडदा उजेडाकडे करावा. हे मोजमाप प्रयोगशाळेइतके अचूक नसते, पण आपल्या कामाला पुरते.

समजा, खिडकीपासून दूर असलेल्या टेबलावर ३०० लक्स भरले. दिवसातले १० तास तेवढाच उजेड राहिला असे धरले, तर लक्स आणि तास यांचा गुणाकार ३,००० होतो. याला आपण लक्स-तास म्हणू. झाडाला दिवसभरात एकूण किती प्रकाश मिळाला, ते हा आकडा सांगतो. मनीप्लांट, स्नेक प्लांट यांसारख्या सावलीतल्या झाडांची वाढ चालू राहायला दिवसाला साधारण ३५ ते ५० हजार लक्स-तास द्यावेत. पुदिन्यासारख्या, सतत पाने खुडायच्या झाडाला सव्वा ते दीड लाख लागतात. टेबलावरचे ३,००० यापुढे इतके किरकोळ आहेत की हिशोबात धरलेच नाहीत तरी चालेल. फळे देणारी झाडे, म्हणजे टोमॅटो किंवा मिरची, पुदिन्याच्या दुपटीहून जास्त मागतात. छोट्या घरगुती दिव्यावर त्यांच्याकडून फळांची अपेक्षा ठेवू नये.

दिवा निवडताना

पांढऱ्या उजेडाचा एलईडी घ्या, ३००० ते ६५०० केल्विनमधला कोणताही. या पट्ट्यात झाडाला फारसा फरक पडत नाही, त्यामुळे खोलीत जो रंग बरा वाटेल तो घ्यावा. जांभळ्या दिव्यानेही झाडे वाढतात, पण त्या उजेडात पानाचा खरा रंग दिसत नाही आणि दुखणे लवकर लक्षात येत नाही. शिवाय लक्सचे मोजमाप माणसाच्या डोळ्यानुसार ठरलेले आहे, म्हणून जांभळ्या दिव्याखाली आकडा खोटाच कमी दिसतो. घरात राहून झाड सांभाळणाऱ्याने पांढराच दिवा घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

खोक्यावरचे '१००० वॅट समान' वगैरे आकडे सोडून द्या. प्रत्यक्ष वीज किती खेचतो तो वॅटचा आकडा आणि लुमेन, एवढेच शोधा. लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो एक चौरस मीटरवर पसरला की जेवढे लुमेन, तेवढे लक्स. चांगला एलईडी दर वॅटमागे साधारण १०० लुमेन देतो.

आता वरच्याच टेबलाचा हिशोब करू. ६० सेंटीमीटर लांब आणि ३० सेंटीमीटर रुंद जागा म्हणजे ०.१८ चौरस मीटर. तिथे पुदिना ठेवायचा आहे. दिवा १४ तास लावायचा ठरवला, तर १,४०,००० लक्स-तासांसाठी पानांवर १०,००० लक्स हवेत. म्हणजे ०.१८ गुणिले १०,०००, एकूण १,८०० लुमेन टेबलावर पडले पाहिजेत. दिव्याचा सगळा उजेड टेबलावर येत नाही, बराचसा बाजूला सांडतो. साठ टक्के कामी येतो असे धरले, तर दिव्यातून ३,००० लुमेन निघायला हवेत, म्हणजे खरे ३० वॅट. जागा लांबट असल्याने एका गोल बल्बपेक्षा लांब पट्टी किंवा पॅनेल बरे. बल्बखाली मध्यभाग भाजतो आणि कडा उपाशी राहतात.

अंतर

दिवा सुरुवातीला पानांच्या शेंड्यापासून ३० सेंटीमीटर वर टांगा. फोन पानांच्या उंचीवर धरून मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत लक्स मोजा. उदाहरणार्थ, मध्यभागी ११,००० आणि कोपऱ्यात ६,००० आले, तर मध्यभागी पुदिना ठेवावा आणि कोपऱ्यांत सावलीतली झाडे. तरीही कोपऱ्यातल्या ६,००० लक्सचे १४ तासांत ८४,००० लक्स-तास होतात. ते सावलीतल्या झाडांच्या गरजेपेक्षा जास्त असल्याने त्यांच्यावर नजर ठेवावी लागते. आकडा कमी आला तर दिवा पाच-पाच सेंटीमीटरने खाली आणून पुन्हा मोजायचा. लहान बल्बचे अंतर निम्मे केले की उजेड जवळपास चौपट होतो. पट्टीचा किंवा पॅनेलचा इतका वाढत नाही, म्हणून अंदाज न बांधता दर वेळी मोजलेले चांगले. झाड वाढले की शेंडा दिव्याजवळ जातो. दिव्याची उंची बदलता येईल अशी दोरी किंवा साखळी हवीच.

दिव्याखाली, पानांच्या उंचीवर, तळहात मिनिटभर धरून पाहा. गरम वाटले तर दिवा वर घ्या, मग लक्स काहीही असोत.

तास

१२ ते १४ तासांपासून सुरुवात करा आणि टायमर लावा. आठवणीने चालू-बंद करायचे म्हटले की वेळ रोज थोडी सरकते. दिवा कमी ताकदीचा असेल तर तास वाढवून तूट भरता येते: ८,००० लक्सचा दिवा १६ तास लावला तरी १,२८,००० होतात. पण याला मर्यादा आहे. रोज किमान सहा ते आठ तास अंधार ठेवा. शेवंती, कलांचो, पॉइन्सेटिया यांना फुलायला लांब रात्र लागते. रोज १४ तास दिवा लागला तर ती हिरवी राहतील, पण कळ्या धरणार नाहीत. त्यांना कळ्या येईपर्यंत दिवा १० तासांवर आणावा, आणि उरलेल्या वेळात खोलीतला दुसरा दिवाही त्यांच्यावर पडू देऊ नये.

अंधारात वाढलेल्या झाडाला पहिल्याच दिवशी पूर्ण उजेड देऊ नका. त्याची पाने पातळ असतात. पहिला आठवडा सहा ते आठ तास, मग दर तीन-चार दिवसांनी एक तास वाढवा.

जास्त झाल्याच्या खुणा

पहिली खूण शेंड्याकडे दिसते, कारण तोच दिव्याच्या सर्वांत जवळ असतो. वरची पाने फिकी, पिवळट किंवा पांढरट होतात आणि खालची हिरवीच राहतात. नायट्रोजन कमी पडल्यावर याच्या उलट होते: आधी खालची जुनी पाने पिवळी पडतात. हा फरक न पाहता खत घातले तर आधीच ताणात असलेल्या झाडावर आणखी भार पडतो. पुढची खूण म्हणजे पानांच्या कडा वर वळणे किंवा पान दिव्याकडे पाठ केल्यासारखे तिरके होणे. पेरे फार आखूड होऊन पाने एकमेकांवर दाटली, किंवा एरवी हिरव्या असणाऱ्या पानावर लालसर-जांभळी झाक आली, तरीही उजेड जास्त असल्याची शंका घ्यावी. शेवटी दिव्यासमोरच्या बाजूला तपकिरी, कोरडे डाग पडतात.

उजेड कमी असेल तर पेरे लांबतात, पाने लहान येतात आणि झाड दिव्याकडे झुकते.

जास्त झाल्याचे दिसले तर आधी दिवा १० सेंटीमीटर वर घ्या. तास लगेच बदलू नका. दोन्ही एकदम बदलले तर नेमके काय लागू पडले ते कळणार नाही. पांढरी पडलेली किंवा जळालेली जागा पुन्हा हिरवी होत नाही, त्यामुळे त्या पानांकडे बघून निष्कर्ष काढू नका. दोन-तीन आठवड्यांत येणारे नवे पान पाहा. ते नेहमीच्या रंगाचे, सपाट उघडले तर अंतर बरोबर आहे. तेही फिके निघाले, तर आता टायमरवरून दोन तास कमी करा.