या चुका टाळा: गप्प झालेली आजी, नैराश्य की डेलिरियम?

परीक्षेत आरडाओरडा करणारा, सलाईन उपटणारा पेशंट आला की डेलिरियम सगळेच ओळखतात. घोळ होतो तो शांत पेशंटच्या बाबतीत. हायपोअॅक्टिव्ह डेलिरियमला नैराश्य समजून अँटीडिप्रेसंटचा पर्याय निवडणं, ही माझ्या मते या विषयातली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. वॉर्डातही तेच होतं, आणि तिथे त्यामागचा आजार उपचाराविना वाढत राहतो.

ही केस बघा. ७४ वर्षांच्या बाई, खुब्याच्या फ्रॅक्चरचं ऑपरेशन होऊन चौथा दिवस. दोन दिवसांपासून बोलत नाहीत, जेवत नाहीत, "नको झालंय सगळं" म्हणतात. सर्जरीच्या टीमने नैराश्यासाठी मत मागवलं आहे. मुलगी सांगते, पडायच्या आदल्या दिवसापर्यंत आई घरचा हिशेब स्वतः लिहीत होती. नर्सच्या नोंदीत आहे की दुपारी त्या मुलीशी नीट बोलल्या, पण रात्री चादर चिवडत होत्या आणि नर्सला बहीण समजून हाक मारत होत्या. लघवीच्या तक्रारीसाठी दोन दिवसांपूर्वी ऑक्सिब्युटिनिन सुरू झालं आहे.

पहिली चूक म्हणजे "नको झालंय सगळं" या वाक्यावरच थांबणं. उदासपणा, भूक न लागणं, झोपेचा बिघाड हे डेलिरियम, नैराश्य आणि डिमेन्शिया या तिन्ही आजारांत दिसतं, त्यामुळे त्यावरून निवाडा होत नाही. आधी सुरुवात विचारा. इथे बदल दोन दिवसांतला आहे. वृद्धापकाळातलं नैराश्य सहसा काही आठवड्यांत वाढत जातं, अल्झायमरचा डिमेन्शिया महिन्या-वर्षांत. तासांत किंवा एक-दोन दिवसांत माणूस बदलला असेल, तर उलटा पुरावा मिळेपर्यंत डेलिरियमच धरावं. ही माहिती पेशंटकडून मिळत नाही, घरच्यांकडून घ्यावी लागते. म्हणून प्रश्नातलं मुलीचं वाक्य ओलांडून पुढे जाऊ नका.

दुसरी चूक, दुपारच्या तपासणीत "ओरिएंटेशन ठीक" दिसलं म्हणून डेलिरियम बाद करणं. चढउतार हा डेलिरियमचा स्वभावच आहे. मधले स्वच्छ तास आणि रात्री वाढणारा गोंधळ हे त्याच्या बाजूने जातं. नैराश्यातही दिवसभरात फरक पडतो, पण तो मनःस्थितीचा असतो आणि बहुधा सकाळी जास्त जड वाटतं. तिथे शुद्ध हरपत नाही.

तिसरी चूक जास्त खोल आहे: लक्ष तपासायच्या जागी स्मरणशक्ती तपासणं. तीन शब्द आठवले नाहीत यावरून काहीच कळत नाही, कारण ते शब्द मुळात डोक्यात शिरले होते का, हा खरा प्रश्न आहे. या बाईंना महिने उलटे म्हणायला सांगितलं. "डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर… नोव्हेंबर, डिसेंबर," आणि डोळे मिटले. पुन्हा हाक मारली तर विचारलं काय होतं हेच त्या विसरल्या होत्या. सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये पेशंट जागा असतो, प्रश्न धरून ठेवतो, आठवण मात्र हुकते. नैराश्यात "माहीत नाही, जमणार नाही" असं उत्तर येतं, पण वेळ देऊन धीर दिला की बरेचदा जमतं. ४एटी चाचणीत डिसेंबरपासून मागे जाताना सात महिने बरोबर आले तर लक्षाच्या भागात शून्य गुण मिळतात. एकूण गुण चार किंवा जास्त आले तर डेलिरियमची शक्यता धरतात. शिक्षण फारच कमी असेल तर ही महिन्यांची कसोटी फसवू शकते, तेव्हा सोपे आकडे पुन्हा म्हणायला लावा.

म्हणजे इथे उत्तर एसएसआरआय नाही, डोनेपेझिलही नाही. ऑक्सिब्युटिनिन थांबवायचं, मूत्राशय तुंबलंय का ते पाहायचं, सोडियम, संसर्ग, ऑक्सिजन, वेदना आणि बद्धकोष्ठता तपासायची.

आता याच बाईंना आधीपासून डिमेन्शिया असता तर? तेव्हा "डिमेन्शिया वाढला" असं म्हणून मोकळं होणं ही चौथी चूक. डिमेन्शिया असलेल्यांनाच डेलिरियमचा धोका जास्त असतो, आणि दोन दिवसांत झालेली घसरण अल्झायमरच्या नेहमीच्या चालीत बसत नाही.

खरी अडचण ल्युई बॉडी डिमेन्शियाची आहे. त्यात लक्षही वरखाली होतं आणि स्पष्ट दृश्यभासही असतात, त्यामुळे वरचे निकष तिथे अपुरे पडतात. तिथे कालावधी बघा: हे चढउतार महिनोन्महिने चालू असतात, सोबत पार्किन्सनसारखा ताठरपणा किंवा झोपेत हातपाय झाडण्याचा इतिहास मिळू शकतो आणि तपासण्यांत तात्काळ कारण सापडत नाही. शंका असेल तर हॅलोपेरिडॉल टाळा, या पेशंटना ते गंभीर त्रास देऊ शकतं.

डेलिरियम चालू असताना डिमेन्शियाचं नवं निदान लिहू नका. कारण दूर झाल्यावरही लक्ष पूर्ववत व्हायला काही आठवडे लागू शकतात, म्हणून स्मरणशक्तीची तपासणी त्यानंतर, मुलीला सोबत घेऊन, पुन्हा करायची.