‘मिसळ धारदार होती’ म्हणजे काय?

सदाशिव पेठेतल्या तुमच्या मिसळीला जर्मन पाहुण्याने ऑनलाइन तीन स्टार दिले आणि त्याच्या अभिप्रायाच्या यंत्राने केलेल्या भाषांतरात ‘मिसळ धारदार होती’ असं आलं, तर चक्रावू नका. जर्मन ‘शार्फ’ म्हणजे धारदारही आणि तिखटही. शंका आली की तोच मजकूर इंग्रजीत करून बघा.

उत्तर मराठीतच लिहा, पण छोट्या वाक्यांत. ‘तर्री’ यंत्राला कळेलच असं नाही (मुंबईकरालाही कळतेच असं कुठे!), म्हणून लिहा: ‘पुढच्या वेळी तिखट रस्सा वेगळ्या वाटीत देऊ.’ आलेलं जर्मन भाषांतर कॉपी करून परत मराठीत आणा. वाटी गायब होऊन नुसतं ‘वेगळा रस्सा देऊ’ उरलं, तर जर्मन मजकुराला हात लावू नका. आपलं मराठी वाक्यच बदला आणि पुन्हा तपासा. जर्मन उत्तराखाली मूळ मराठीही ठेवा.